लाइव्ह किती वाजता सुरू करावं आणि किती वेळ चालवावं? ग्राफ वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान यूट्यूबवर ठरावीक वारी लाइव्ह घेणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण म्हणून नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी दर बुधवारी संध्याकाळी होणारं सल्ल्याचं लाइव्ह घेतलं आहे. आधी त्या आठवड्याची फवारणी, मग शेतकऱ्यांचे प्रश्न, असा त्याचा क्रम. आकडे हिशेब कळावा म्हणून मांडलेले आणि गोल केलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, पण वाचायची पद्धत हीच.

हा ग्राफ नेमकं काय दाखवतो?

त्या क्षणी किती जण बघत आहेत, एवढंच. एकूण किती जण येऊन गेले हे तो सांगत नाही आणि कोण टिकून राहिलं हेही सांगत नाही. एसटीत नाशिकहून पिंपळगावपर्यंत कायम चाळीस प्रवासी दिसले, म्हणजे तेच चाळीस बसून होते असं नाही. प्रत्येक थांब्यावर दहा उतरले आणि दहा चढले तरी वाहकाच्या डोळ्यांना आकडा चाळीसच दिसतो. तुमची रेष अर्धा तास सपाट असेल तर दोन्ही शक्यता खुल्या राहतात. लोक खिळून बसलेले असू शकतात, किंवा जेवढे जात आहेत तेवढेच नवे येत असतील. या दोन स्थितींत लाइव्हची लांबी वेगवेगळी ठरते, म्हणून पुढे त्यावर बरंच बोलणार आहोत.

ग्राफ कुठे सापडतो?

लाइव्ह चालू असताना कंट्रोल रूममध्ये आकडा दिसतच असतो. संपल्यानंतर `YouTube Studio` मध्ये `Content`, तिथे `Live` टॅब, मग तो व्हिडिओ आणि त्याचं `Analytics`. तिथे सर्वाधिक आणि सरासरी अशा दोन संख्या मिळतात. संपल्या संपल्या आकडे अपुरे असतात, दोन-तीन दिवस जाऊ द्या.

मिनिटागणिक आकडे स्वतःच्या शीटमध्ये हवे असतील तर लाइव्ह चालू असतानाच नोंदवावे लागतात. थोडं कोडिंग येणारं कुणी हाताशी असेल तर ही एक ओळ दर मिनिटाला चालवायला सांगा:

```
curl "https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=liveStreamingDetails&id=VIDEO_ID&key=API_KEY"
```

उत्तरात `concurrentViewers` नावाचा आकडा येतो. लाइव्ह संपलं की तो येणं बंद होतं, त्यामुळे नंतर मागे जाऊन काढता येत नाही. प्रेक्षकसंख्या तुम्ही लपवून ठेवली असेल तरीही तो मिळत नाही. याच उत्तरातली `actualStartTime` ही वेळ यूटीसीमध्ये असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. 14:45 दिसलं तर तुमच्याकडे रात्रीचे सव्वाआठ.

एवढा खटाटोप नको असेल तर शेजारी बसलेल्या माणसाने दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहिला तरी या पानावरचं सगळं करता येतं.

आमचा ग्राफ 8:35 ला सर्वांत वर जातो. मग लाइव्ह 8:35 ला सुरू करायचं का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा हाच, म्हणून याला वेळ देऊ.

आपलं बुधवारचं लाइव्ह आठला सुरू होतं आणि साडेनऊला संपतं. सुरुवातीला 40 जण, सव्वाआठला 180, साडेआठला 250, 8:35 ला 260. मग उतरण लागते: नऊला 200, साडेनऊला 80.

आता 8:35 ला एकाच वेळी दोन गोष्टी खऱ्या आहेत. घड्याळात 8:35 वाजले आहेत आणि लाइव्ह सुरू होऊन 35 मिनिटं झाली आहेत. शिखर यांपैकी कशामुळे आलं? लोक बागेतून, गोठ्यातून मोकळे होऊन त्या सुमारास हातात मोबाइल घेतात म्हणून? की नोटिफिकेशन पोचायला, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला आणि विषय रंगात यायला अर्धा तास लागतो म्हणून? पहिलं खरं असेल तर तुम्ही कधीही सुरू करा, शिखर साडेआठच्या आसपासच येईल. दुसरं खरं असेल तर शिखर तुमच्याबरोबर पुढे-मागे सरकेल.

नेहमी आठलाच सुरू करत राहिलात तर वर्षभराचे ग्राफ समोर ठेवूनही हे कळणार नाही. वेळ हलवूनच बघावी लागते.

वेळ हलवून बघायची म्हणजे कशी?

वार तोच ठेवा. विषयाचा साचा तोच ठेवा: आधी फवारणी, मग प्रश्न. बदल फक्त सुरुवातीच्या वेळेत. काही बुधवारी साडेसातला, काही बुधवारी आठला, काही बुधवारी साडेआठला. तिन्ही वेळा आलटून पालटून घ्या. सगळे साडेसातचे एका महिन्यात आणि सगळे साडेआठचे दुसऱ्या महिन्यात घेतलेत तर हंगामाचा फरक वेळेच्या माथी मारला जाईल. बदललेली वेळ दोन दिवस आधी ग्रुपवर आणि शेड्यूल केलेल्या लिंकवर स्पष्ट लिहा, नाहीतर तुम्ही मोजाल ती लोकांची सवय, त्यांची सोय नव्हे.

समजा निकाल असा आला:

| सुरुवात | शिखर किती वाजता | सुरुवातीनंतर किती मिनिटांनी | शिखरावर किती जण |
|---|---|---|---|
| 7:30 | 8:40 | 70 | 240 |
| 8:00 | 8:35 | 35 | 260 |
| 8:30 | 8:50 | 20 | 235 |

सुरुवात एक तासाने सरकली, पण शिखर जेमतेम 15 मिनिटांच्या पट्ट्यात राहिलं. म्हणजे इथे घड्याळाचं राज्य आहे. या लोकांची वेळ पावणेनऊच्या आसपासची आहे आणि तुम्ही काही केलंत तरी ती हलत नाही. याउलट शिखरं 8:05, 8:35, 9:05 अशी आली असती, तर कारण तुमच्या कार्यक्रमाच्या रचनेत शोधावं लागलं असतं. बहुतेक चॅनेलचं चित्र या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. तरी कल कुठे आहे ते तिसऱ्या रकान्यावरून लगेच लक्षात येतं.

मग आमच्या उदाहरणात सुरुवात कितीला करायची?

सव्वाआठला. साडेसातला सुरू केल्यावर पहिली चाळीस मिनिटं सत्तर-नव्वद लोकांपुढे बोलण्यात जातात आणि महत्त्वाची फवारणी तोवर सांगून झालेली असते. उशिरा आलेला प्रत्येक जण मग चॅटमध्ये विचारतो, "सर, डोस किती सांगितला?" साडेआठला सुरू केलं तर शिखर गाठेपर्यंत 8:50 होतात आणि नऊनंतर लोक जायला लागतात, म्हणून शिखरही थोडं खुजं राहतं.

ग्राफ चढायला कितीही लोकप्रिय चॅनेलला थोडा वेळ लागतोच. साडेआठच्या सुरुवातीत तो 20 मिनिटांत चढला, हा त्यातल्या त्यात कमी वेळ. पावणेनऊच्या गर्दीआधी 20 मिनिटं चढणीला आणि थोडा दम घ्यायला, असं धरलं की सव्वाआठ येतं. आणि हो, मुख्य सल्ला 8:35 ला सांगा. पहिल्या वीस मिनिटांत हवामान, मागच्या आठवड्यातले राहिलेले प्रश्न, असं हुकलं तरी चालेल ते घ्या.

स्टुडिओ स्वतःच सांगतो ना प्रेक्षक कधी असतात? तेवढं बघून चालणार नाही का?

`When your viewers are on YouTube` हा जांभळ्या पट्ट्यांचा तक्ता मागच्या 28 दिवसांत तुमचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी होते ते दाखवतो. यूट्यूबवर, तुमच्याकडे नव्हे. रात्री दहाला पट्टी गडद दिसते कारण त्या वेळी मंडळी अंथरुणावर पडून गाणी नाहीतर विनोदी क्लिप बघत असतात. डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचं औषध कोणतं हे ऐकून वहीत लिहून घ्यायची त्यांची ती वेळ नसते. नवीन चॅनेलला पहिला अंदाज बांधायला तो तक्ता उपयोगी आहे. चाचणीसाठी वेळा निवडताना फिकट पट्ट्यांच्या वेळा वगळा, तेवढंच त्याचं काम.

लांबी कशी ठरवायची? अर्धे लोक गेले की बंद करायचं?

"शिखराच्या निम्म्यावर आलं की आवरतं घ्या" हा नियम ढोबळ म्हणून वाईट नाही. पण त्याआधी उतरण कशी आहे ते बघा. किती जण गेले हे मोजण्यापेक्षा दर पाच मिनिटांना समोर असलेल्यांपैकी किती टक्के गेले ते मोजा. आमच्या आठच्या लाइव्हमध्ये 8:35 ते 9:00 या पंचवीस मिनिटांत 260 चे 200 झाले, म्हणजे दर पाच मिनिटांना साधारण पाच टक्के गळती. नऊनंतर दर पाच मिनिटांना 20 जण जायला लागले, 200 मधले 20 म्हणजे दहा टक्के. गळती एकदम दुप्पट. लांबीचा निर्णय या मोडाशी होतो.

आता पुन्हा तोच प्रश्न. नऊ वाजले म्हणून, की नऊला तुम्ही फवारणी संपवून प्रश्नोत्तरं सुरू केलीत म्हणून? इथे साडेसातचे बुधवार कामाला येतात. त्या दिवशी प्रश्नोत्तरं साडेआठलाच सुरू झाली होती, तरी गळती वाढली ती नऊनंतरच. म्हणजे प्रश्नोत्तरांचा दोष नाही. जेवणाची पानं वाढली जातात, टीव्ही कुणाच्या तरी ताब्यात जातो, नाहीतर पहाटे फवारणीला उठायचं असतं. कारण काहीही असो, ते घड्याळाला बांधलेलं आहे. तिन्ही प्रकारच्या बुधवारी संख्या निम्म्यावर आली ती सव्वानऊच्या आसपास. तेव्हा सव्वाआठ ते सव्वानऊ, एक तास.

शेवटची पंधरा मिनिटं कापली तर बघण्याचा एकूण वेळ कमी होणार नाही का?

होईल, पण किती ते मोजा. ग्राफखालचं क्षेत्रफळ म्हणजेच सगळ्यांनी मिळून बघितलेली मिनिटं. आठ ते साडेनऊच्या लाइव्हमध्ये ती साधारण 16,100 भरतात. 9:15 ते 9:30 मध्ये 140 वरून 80 वर उतरताना सरासरी 110 जण होते, गुणिले 15 म्हणजे 1,650 मिनिटं. म्हणजे वेळ गेला सतरा टक्के आणि हाती लागलं दहा टक्के. सल्लागार सरांना दुसऱ्या दिवशी सकाळी बागा फिरायच्या असतील तर हा सौदा मला महाग वाटतो.

गंमत अशी की पहिल्या पंधरा मिनिटांचा हिशेबही तंतोतंत 1,650 येतो. म्हणून कुणी म्हणेल, दोन्ही टोकं छाटा आणि एका तासात ऐंशी टक्के मिळवा. शेपूट खरंच छाटता येतं. डोकं येत नाही, कारण चढण प्रत्येक सुरुवातीला असतेच. सव्वाआठला सुरू केलंत तर ती सव्वाआठपासून सुरू होईल. लोक आधीच मोबाइलवर असल्यामुळे ती जरा उभी होईल एवढंच.

लोक खिळून आहेत की ये-जा करत आहेत, हे ओळखायचं कसं?

एक साधा भागाकार करा. सरासरी प्रेक्षक गुणिले मिनिटं, भागिले लाइव्हचे व्ह्यूज. आमच्याकडे सरासरी सुमारे 180, मिनिटं 90, म्हणजे 16,200. लाइव्ह चालू असतानाचे व्ह्यूज 1,080 असतील तर एकेकाने सरासरी 15 मिनिटं बघितलं. याचा अर्थ दर मिनिटाला साधारण 12 जण आत येत आहेत आणि तेवढेच बाहेर पडत आहेत. एकच माणूस नेट गेल्यामुळे तीनदा आला तर व्ह्यूज फुगतात, म्हणून खरा आकडा पंधराच्या थोडा वरच असणार.

दीड तासाच्या कार्यक्रमात माणूस पंधरा मिनिटं थांबतो हे कळलं की बोलण्याची रचना बदलते. दर बारा-पंधरा मिनिटांनी "आज आपण छाटणीनंतर पंधराव्या दिवसाच्या बागेबद्दल बोलतोय" हे पुन्हा सांगावं लागतं आणि डोस पडद्यावर लिहून ठेवावा लागतो. भागाकार चाळीस मिनिटं आला असता तर हीच पुनरुक्ती लोकांना कंटाळवाणी झाली असती.

नवे कधी येतात हे बघायला चॅट रिप्ले उघडा आणि दर पाच मिनिटांत किती "नमस्कार", "राम राम", "नमस्कार सर, दिंडोरी" आले ते मोजा. गावचा माणूस आत आला की आधी नमस्कार घालतो. मी तरी या मोजणीवर बऱ्यापैकी विसंबतो. नमस्कार आटले आणि तरी रेष सपाट असेल तर आहेत ते टिकलेले आहेत, लाइव्ह थोडं लांबवायला हरकत नाही. नमस्कार आटले आणि रेषही उतरतेय, तर आता कोणी येणार नाही.

ग्राफमध्ये मध्येच सरळ खड्डा पडतो किंवा टोक येतं. ते धरायचं का?

वेळ ठरवताना धरू नका. माणसं कंटाळून जातात तेव्हा रेष उतरते, कड्यासारखी तुटत नाही. एका मिनिटात निम्मे गेले असतील तर चॅटमध्ये त्याच मिनिटाला "आवाज येत नाही", "अडकतंय" दिसेल. तो तुमच्या इंटरनेटचा खड्डा आहे. उभं टोक बहुधा मोठ्या ग्रुपवर लिंक पडल्याचं असतं, त्यातले बरेच दोन मिनिटांत परत जातात. अशा दिवशीचं शिखर तक्त्यात घ्यायचं नाही.

आमच्याकडे एका वेळी पंधरा-वीसच जण असतात. आम्हाला हे लागू होतं का?

एका लाइव्हच्या ग्राफवरून नाही. सोळा जणांमध्ये चार इकडचे तिकडे होणं हा निव्वळ योगायोग असू शकतो, आणि ती चक्क पंचवीस टक्के हालचाल दिसते. चारशे जणांमध्ये योगायोगाने होणारी हालचाल वीसेक जणांची, म्हणजे पाच टक्के. तुम्ही एकेका वेळेचे पाच-सहा ग्राफ एकावर एक ठेवून मधला आकडा घ्या, सरासरी नको. एखाद्या दिवशी कुणीतरी ओळखीचे पाहुणे येतात आणि सरासरी उगाच वर जाते. तोवर स्वतःच्या सोयीची वेळ पाळा, काही बिघडत नाही.

कोणते आठवडे हिशेबातून वगळायचे?

बाहेरच्या कारणाने बिघडलेले सगळे. द्राक्षाचं सांगायचं तर गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की त्या रात्री वाट्टेल त्या वेळी लाइव्ह घ्या, गर्दी होते, कारण डाऊनीने झोप उडालेली असते. तो बुधवार वेळेबद्दल काही शिकवत नाही. आयपीएलचे संध्याकाळचे सामने साडेसातला सुरू होतात, त्या दिवसांत तरुण शेतकरी गायब असतात.

विजेची गोष्ट मात्र वगळण्यासारखी नाही, वेगळी नोंदण्यासारखी आहे. शेतीपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज वीज मिळते. ज्या गावांची रात्रपाळी असते तिथली मंडळी मोटर चालू करायला मळ्यात असतात. तुमच्या ग्राफमध्ये एक आठवडा उंच, एक ठेंगणा असा ताल दिसला तर चॅटमध्ये विचारा, "आज लाइट कधीची आहे?" सौर फीडरमुळे दिवसा वीज मिळणाऱ्या गावांत हा ताल दिसायला नको. शीटमध्ये त्यासाठी एक रकाना ठेवला की पुरे.

काउंटडाउन किती मिनिटांचा लावायचा?

दोन-तीन मिनिटं. दहा मिनिटांच्या काउंटडाउनमध्ये आलेली माणसं निघून जातात आणि ग्राफ सुरुवातीलाच दातेरी होतो. नंतर रेकॉर्डिंग बघणाऱ्यांसाठी एडिटरमधून तो भाग कापून टाका.

लांब लाइव्ह घेतल्याने रेकॉर्डिंगला फायदा होतो का?

तो वेगळा हिशेब आहे, दोन्हींची सरमिसळ करू नका. नंतर बघणारा हवा तो भाग पुढे सरकवून काढतो, त्याला घड्याळाशी देणंघेणं नाही. त्याच्यासाठी टाइमस्टॅम्प द्या. बारा तासांपेक्षा लांब गेलं तर यूट्यूब आपोआप पूर्ण रेकॉर्डिंग जतन करेल याची खात्री नसते, पण सल्ल्याच्या लाइव्हला ती वेळ येत नाही.

परदेशातले मराठी प्रेक्षक असतील तर?

अमेरिकेतली मंडळी असतील तर वर्षातून दोनदा त्यांची वेळ तुमच्या नकळत सरकते. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात सकाळचे दहा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हा बदल होतो. त्या सुमाराला ग्राफ बदललेला दिसला तर आधी हे तपासा, विषयाला दोष नंतर द्या.

एकदा वेळ ठरली की परत मोजायचं कधी?

लोकांचा दिनक्रम बदलतो तेव्हा. द्राक्षवाल्यांसाठी एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ही दोन वळणं आहेत. उन्हाळ्यात फवारणी आणि पाणी देण्याची कामं उशिरापर्यंत चालतात, थंडीत माणूस लवकर घरात येतो. दोन्ही वेळेस सुरुवात अर्धा तास मागे-पुढे करून काही बुधवार बघा. शिखर जुन्या जागीच असेल तर ठरलेली वेळ कायम ठेवा. मधल्या काळात सुरुवातीच्या वेळेला हात लावू नका, कारण ग्रुपवर "आज कितीला आहे?" असं विचारणाऱ्यांपैकी निम्मे उत्तर यायच्या आत दुसरीकडे गेलेले असतात.